कर्णबधिर मुलांसाठीचं देणगीपत्र: मसुदा तपासून हवा आहे

मीनल_द

नमस्कार मंडळी. एका छोट्या संस्थेचं वार्षिक देणगीपत्र पुढच्या महिन्यात 600 घरी टपालाने जाणार आहे. यातल्या बहुतेकांनी पूर्वी कधीतरी देणगी दिलेली आहे. संस्थेकडे 40 मुलं आहेत, सगळी सहा वर्षांच्या आतली. त्यांची श्रवणयंत्रं वापरात राहावीत हे संस्थेचं काम. पत्र वाचून मन हलतं का, आपण नक्की काय मागतोय ते कळतं का आणि पैशांबद्दल सरळ बोललोय का, हे सांगा. मसुदा असा:

> सप्रेम नमस्कार. आमची संस्था गेली 9 वर्षे कर्णबधिर बालकांसाठी अविरत कार्यरत आहे. जगात 43 कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी उपचारांची व साहाय्याची गरज आहे. नीरव अंधारात चाचपडणाऱ्या निष्पाप जीवांच्या आयुष्यात आशेचा किरण आणण्याचे व्रत आम्ही घेतले आहे. यंदा दहा लाखांचा निधी उभारण्याचा संकल्प आहे. फक्त 500 मध्ये एका मुलाला ऐकू येऊ शकते! आपल्या दानातील पै न् पै थेट मुलांपर्यंत पोहोचते. तरी आपण यथाशक्ती मदत करावी, स्वयंसेवक म्हणून सहभागी व्हावे, जुनी श्रवणयंत्रे असल्यास द्यावीत, तसेच आमच्या पानाला भेट द्यावी, ही नम्र विनंती.

शशांक_आ

मीनलताई, पत्र दोनदा वाचलं. यात एकही मूल दिसत नाही. ‘नीरव अंधार’, ‘आशेचा किरण’, ‘व्रत’ हे शब्द डोळ्यांच्या, अन्नाच्या, शिक्षणाच्या कुठल्याही पत्रात चालतील. संस्थेचं नाव झाकलं तर हे पत्र कोणाचं ते ओळखू येणार नाही.

43 कोटींचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे आणि बरोबर आहे, पण इथे तो नुकसान करतो. स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोव्हिक यांचा 2007 चा प्रयोग आहे. लोकांच्या हाती 5 डॉलर दिले आणि त्यातले हवे तेवढे दान करायला सांगितले. मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचलेल्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले. नुसती आकडेवारी वाचलेल्यांनी 1.14 दिले. रोकिया आणि आकडेवारी दोन्ही एकत्र वाचलेले 1.43 वर थांबले. म्हणजे मुलीच्या शेजारी मोठा आकडा ठेवल्यावर तिच्यामुळे वाढलेली देणगी बरीचशी गळून गेली. 43 कोटींसमोर वाचणाऱ्याला आपली देणगी थेंबभर वाटते.

मागणीबद्दल आधी दोन प्रश्न. दहा लाख कशाचे? आणि 500 मध्ये ऐकू येतं म्हणजे नेमकं काय घेतलं जातं?

बापू_स

एवढा अभ्यास नको. लोक हृदयाने देतात. आकडे सगळे उडवा, रडणाऱ्या मुलाचा पानभर फोटो टाका, खाली खाते क्रमांक. डोळ्यांत पाणी आलं की हात खिशाकडे जातोच.

श्रुती_ऑडिओ

शशांक यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मसुद्यातच चुकलं आहे. 500 मध्ये कोणालाही ऐकू येत नाही. माझ्या अंदाजाने तो एका इअर मोल्डचा, म्हणजे कानाच्या एका साच्याचा खर्च असावा.

लहान मुलांचं यंत्र कानामागे बसतं आणि तिथून बारीक नळीने आवाज साच्यात जातो. यंत्र काही वर्षं टिकतं, साचा टिकत नाही, कारण मुलाचा कान वाढतो. तीन वर्षांच्या आत दर तीन-चार महिन्यांनी, तान्ह्या बाळांचा तर त्याहूनही लवकर बदलावा लागतो. पुढे सहाएक महिन्यांनी. साचा सैल झाला की आवाज फटीतून बाहेर येतो, यंत्राच्या माइकमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते. घरचे शिट्टी थांबवायला आवाज कमी करतात किंवा यंत्र काढून ठेवतात. आवाज कमी झाला की ‘स’, ‘श’ यांसारखे मुळातच बारीक असलेले ध्वनी आधी हरवतात. मूल ते ऐकत नाही, म्हणून बोलतही नाही.

म्हणजे यंत्र फुकट मिळूनही ते पेटीत पडून राहतं. संस्थेचं खरं काम इथे आहे असं मला दिसतं, आणि पत्रात त्याचा एक शब्दही नाही.

मीनल_द

श्रुती, अगदी हेच काम आहे. 500 हा एका साच्याचाच खर्च. हिशोब असा: तीन वर्षांच्या आतली 14 मुलं, वर्षातून चार वेळा दोन्ही कानांचे साचे. उरलेली 26, वर्षातून दोनदा. एकूण 216 साचे, म्हणजे 1,08,000. सेल दर दहा दिवसांनी एक धरून वर्षाचे 86,400. ऑडिओलॉजिस्ट महिन्यातून एक दिवस येतात, त्यांचे 48,000. टपाल, लेखापरीक्षण, फोन वगैरे 30,000. बेरीज 2,72,400.

दहा लाखांतली बाकीची रक्कम तपासणीसाठी आवाजबंद खोली बांधायची आहे तिच्यासाठी.

शशांक_आ

मग ही दोन पत्रं आहेत. साच्यांचा खर्च दर वर्षी येणारा आणि खोलीचा एकदाच. खोलीसाठी पाच-सात मोठ्या देणगीदारांना जाऊन भेटा, नकाशा आणि बांधकामाचा अंदाज दाखवा. 600 घरी जाणाऱ्या पत्रात दहा लाख लिहिले की हजार देणाऱ्याला आपल्या हजाराने काय झालं ते कधीच कळणार नाही.

‘यथाशक्ती’ हा शब्दही काढा. नम्र वाटतो, पण किती द्यायचे हे ठरवण्याचं ओझं वाचणाऱ्यावर टाकतो आणि तो पत्र बाजूला ठेवतो. शेवटच्या वाक्यात चार विनंत्या आहेत. पानाला भेट देणं फुकट आणि सोपं आहे. तेवढं करून माणसाला मदत केल्याचं समाधान मिळतं. एका पत्रात एकच मागणी असू द्या.

नीलेश77

माझ्या काकूंच्या यंत्रातूनही अशीच शिट्टी येते. कोणत्या कंपनीचं घ्यावं? आणि जुनं तुमच्या संस्थेला चालेल का?

श्रुती_ऑडिओ

नीलेश, आधी कानात मळ आहे का आणि साचा घट्ट बसतो का ते तपासून घ्या. नवीन यंत्र घेऊनही साचा सैलच राहिला तर शिट्टी येणारच.

जुन्या यंत्राचा प्रश्न मात्र या पत्राच्या कामाचा आहे. पूर्ण कानात बसणारं यंत्र त्या एका माणसाच्या कानाच्या मापाचं असतं, मुलाला उपयोगाचं नाही. कानामागचं असेल तर ते मुलाच्या श्रवण आलेखाप्रमाणे पुन्हा जुळवता येतं का, त्याची ताकद पुरेशी आहे का आणि सेलच्या कप्प्याला मुलाला उघडता येणार नाही असं कुलूप आहे का, हे पाहावं लागतं. तो बटन सेल गिळला तर जीवावर बेततं. सरसकट ‘जुनी यंत्रे द्या’ म्हटलं तर बरीचशी परत करावी लागतील. ती ओळ काढलेली बरी.

हिशोबनीस

माझा आक्षेप ‘पै न् पै थेट मुलांपर्यंत’ या वाक्याला आहे. 30,000 टपाल आणि लेखापरीक्षणाचे आहेत, एकूण खर्चाच्या 11 टक्के. त्यामुळे विधान खोटं ठरतं. माझ्या मते हा खर्च 10 टक्क्यांच्या आत आणा आणि खर्चाचं संपूर्ण कोष्टक पत्रातच छापा. पारदर्शकता म्हणजे तीच.

शशांक_आ

विधान खोटं आहे, इथपर्यंत पूर्ण सहमत. 10 टक्क्यांच्या रेघेशी नाही. 2013 मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं की केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्था जोखू नका. ही मंडळी संस्थांची माहिती आणि मूल्यांकन देणारीच आहेत. छोट्या संस्थेत लेखापरीक्षण करायचंच असतं, मुलं 40 असोत की 400. इथे टक्का कमी करायला काय काटणार? लेखापरीक्षण काटलं तर पारदर्शकताच गेली.

देणगीदाराला मात्र हा खर्च टोचतो, हेही खरं. नीझी, कीनन आणि नीझी यांचा 2014 चा प्रयोग आहे. त्यात एका गटाला सांगितलं की प्रशासकीय खर्च एका मोठ्या देणगीदाराने आधीच उचलला आहे. त्या गटातल्या 33 टक्के लोकांनी देणगी दिली. साध्या आवाहनाला 20 टक्के. तेच पैसे नुसते प्रारंभिक देणगी म्हणून सांगितले तेव्हा 23 टक्के, आणि जोडदेणगी म्हणून, म्हणजे लोक जितकं देतील त्या प्रमाणात मोठा देणगीदार भर घालेल असं सांगितलं, तेव्हा 22. मीनलताई, हे 30,000 कोणी एकजण उचलू शकेल का?

मीनल_द

आमच्या एक विश्वस्त दर वर्षी साधारण तेवढीच रक्कम देतात. आम्ही ती सगळ्यांत मिसळून टाकतो.

हिशोबनीस

मग मिसळू नका. त्यांच्याकडून लेखी घ्या की ही रक्कम या वर्षीच्या कार्यालयीन खर्चासाठीच आहे. वहीत वेगळं खातं ठेवा. खर्च 34,000 झाला तर वरचे चार हजार कोण देणार तेही आधीच ठरवा. एवढं केलंत तरच ते वाक्य लिहायचा अधिकार मिळतो. आणि ‘पै न् पै’ तरीही लिहू नका. ऑनलाइन देणगीवर मधली कंपनी शुल्क कापत असेल तर ते पुन्हा खोटं. ‘कार्यालयीन खर्च एका विश्वस्तांनी उचलला आहे’ एवढंच म्हणा.

कोष्टकाबद्दल माझं मत कायम आहे.

शशांक_आ

कोष्टक वेगळ्या चिठोऱ्यावर द्या. पत्रात ते आलं की डोळा तिथे अडकतो आणि मागणीपर्यंत पोहोचत नाही. ज्याला हिशोब हवा तो चिठोरा उलगडेल. ज्याला नको त्यालाही तो पाकिटात आहे हे दिसलं की पुरे.

आता मागणी. विश्वस्तांचे 30,000 वजा केले की उरतात 2,42,400. 40 मुलांत वाटले की एका मुलाचे वर्षाला 6,060, महिन्याला 505. मसुद्यात ‘500 मध्ये ऐकू येईल’ म्हणून जो आकडा होता तो जवळपास तसाच राहतो, फक्त तो दर महिन्याचा आहे. आणि 6,060 च्या खाली ‘किंवा एका मुलाच्या साच्यांची जोडी, 1,000’ एवढा एकच छोटा पर्याय ठेवा. सहा पर्याय दिले की वाचणारा निवड करत बसतो.

श्रुती_ऑडिओ

एक दुरुस्ती. 6,060 ही सरासरी आहे. दोन वर्षांच्या मुलाचे साचे जास्त, पाच वर्षांच्याचे कमी. ‘अमुक मुलीचा खर्च’ असं लिहिलं तर देणाऱ्याला वाटेल की आपले पैसे तिलाच गेले, आणि प्रत्यक्षात सगळं एका निधीतून जातं. ते सांगायलाच हवं.

सेलसुद्धा आत घ्या. झिंक-एअर सेलचं स्टिकर काढलं की त्याला हवा लागते आणि तो उतरू लागतो, यंत्र बंद ठेवलं तरी. काटकसर करून तो वाचत नाही. हा खर्च का टळत नाही ते देणाऱ्याला यातून कळेल.

बापू_स

हे सगळं पटलं, पण यात रडू कुठे आहे? सैल साच्यावर कोण पैसे देतं?

शशांक_आ

बापूसाहेब, एका मुलावर लक्ष आणा हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. रडण्याची गरज नाही. रडणारं मूल पाहून वाचणाऱ्याला दया येते, पण आपण काय करू शकतो ते कळत नाही. शिट्टी वाजते आहे, आई आवाज कमी करते आहे आणि त्यामुळे मुलीचे शब्द हरवत आहेत, हे वाचताना त्याला ते थांबवावंसं वाटतं, आणि कशाने थांबेल तेही लगेच समोर येतं. करून पाहतो:

> सप्रेम नमस्कार,
>
> अन्वीच्या कानात शिट्टी वाजते तेव्हा तिची आई यंत्राचा आवाज कमी करते. शिट्टी थांबते. त्याबरोबर अन्वीला ‘शाळा’तला ‘श’ ऐकू येणंही थांबतं.
>
> अन्वी दोन वर्षांची आहे. तिचं नाव आम्ही बदललं आहे. तिचं श्रवणयंत्र उत्तम चालतं, पण ते कानात बसवणारा मऊ साचा आता तिला सैल होतो, कारण तिचा कान वाढला आहे. या वयात साचा दर तीन महिन्यांनी नवा लागतो. सेल दहा दिवसांत उतरतो. हे दोन्ही वेळेवर मिळालं नाही तर चांगलं यंत्र पेटीत पडून राहतं.
>
> अन्वीसारखी 40 मुलं आमच्याकडे येतात. एका मुलाचे साचे, सेल आणि तपासणी यांचा वर्षाचा सरासरी खर्च 6,060 आहे, म्हणजे महिन्याला 505. एका मुलाचा वर्षाचा खर्च तुम्ही या महिनाअखेरपर्यंत पाठवाल का? साच्यांची एक जोडी द्यायची असेल तर 1,000.
>
> तुमची देणगी एका ठरावीक मुलाच्या नावे ठेवली जात नाही. ती 40 मुलांच्या निधीत जाते आणि ज्याचा साचा आधी सैल होईल त्याच्यासाठी वापरली जाते. टपाल आणि लेखापरीक्षणाचा खर्च एका विश्वस्तांनी उचलला आहे. हिशोब सोबतच्या कागदावर आहे.
>
> ता. क. पुढची मापं पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी घेतली जातील. महिनाअखेरपर्यंत आलेल्या देणगीतून त्याच दिवशी साच्यांची मागणी नोंदवता येईल.

ताजा कलम मुद्दाम ठेवला आहे. पाकीट फोडल्यावर पुष्कळांची नजर मधला मजकूर सोडून सहीच्या खाली जाते. तिथे मागणीचं कारण आणि तारीख दिसली पाहिजे. तारीख खरी असेल तरच लिहा. शनिवारी मापं घेतली जाणार नसतील तर ती ओळ काढा.

हिशोबनीस

पत्र चांगलं आहे, पण एक भोक राहिलं. 2,42,400 च्या वर पैसे आले तर? या पत्राला साच्यांसाठी आलेले पैसे तुम्ही खोलीच्या बांधकामात घालू शकत नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सकडे गरजेपेक्षा जास्त निधी आला. जानेवारी 2005 मध्येच त्यांनी त्सुनामीसाठी देणग्या घेणं थांबवलं आणि आलेले पैसे दुसरीकडे वापरू का, असं देणगीदारांना विचारलं. 600 पत्रांच्या संस्थेला परवानगी मागत फिरणं परवडणार नाही. म्हणून आधीच एक ओळ लिहा: ‘निधी पूर्ण झाला तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या साच्यांसाठी राखून ठेवू.’

मीनल_द

ती ओळ घालते. आमचे अध्यक्ष म्हणतात की एका देणगीदाराने जोडदेणगी द्यायची तयारी दाखवली आहे, तर ‘तुमच्या एकाचे चार होतील’ असं लिहू या. चालेल?

शशांक_आ

त्यांची खरी तयारी किती आहे? कार्लन आणि लिस्ट यांनी 2007 मध्ये 50,000 हून अधिक पत्रांवर हे तपासलं. जोडदेणगी आहे असं सांगितल्याने देणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, पण एकास एक, दोनास एक आणि तीनास एक यांत फारसा फरक पडला नाही. म्हणून एकास एकच लिहा आणि कमाल रक्कमही लिहा. पण अट खरी हवी. लोकांनी दिलं नाही तर हे गृहस्थ देणार नाहीत, असं असेल तरच ती जोडदेणगी. ते कसंही देणारच असतील तर असं लिहिणं म्हणजे फसवणूक.

आणि विश्वस्तांचं वाक्य व जोडदेणगी दोन्ही एका पत्रात नकोत. वरचा 2014 चा निकाल पाहता मी विश्वस्तांचं वाक्य ठेवेन.

हिशोबनीस

यावर मी जोडदेणगीच्या बाजूने आहे. तो एका संस्थेचा, एका देशातला निकाल. तुमची यादी जुन्या देणगीदारांची आहे, त्यांना कार्यालयीन खर्च आधीच माहीत असेल. यादी दोनात वाटा: चिठ्ठ्या टाकून 300 ला एक पत्र, 300 ला दुसरं. बाकी शब्द न् शब्द सारखा.

शशांक_आ

वाटणी चिठ्ठ्यांनीच करा, आडनावाच्या अक्षरावरून किंवा भागावरून नको, हे चांगलं सुचवलंत. पण एक लक्षात ठेवा. 300 पैकी समजा एका गटात 24 जणांनी दिलं आणि दुसऱ्यात 30, तर तो फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. एवढ्या छोट्या यादीत मोठा फरक दिसला तरच निष्कर्ष काढा. दोन-तीन वर्षं तेच करून बेरीज केलीत तर काही सांगता येईल.

श्रुती_ऑडिओ

अन्वीबद्दल कोणी बोललं नाही. ती खरी मुलगी आहे की तीन-चार मुलं मिळून केलेली?

मीनल_द

खरी आहे, वयसुद्धा तेच. आईला पत्राबद्दल सांगितलं आहे, लेखी संमती अजून घेतलेली नाही. फोटो टाकायचा अध्यक्षांचा आग्रह आहे.

श्रुती_ऑडिओ

संमतीआधी छपाई नको. अंतिम मजकूर आईला वाचून दाखवा. आवाज कमी करणारी आई पत्रात आली आहे, तिला तो दोष वाटू शकतो. ‘तिची आई’ऐवजी ‘घरचे’ लिहिलं तर भार कमी होईल. आणि नको म्हटलं तरी साचे मिळतीलच, हे तिला स्पष्ट सांगा. नाहीतर ती संमती मोकळेपणाने दिलेली नाही.

फोटोला माझा विरोध आहे. नाव बदलून चेहरा छापला तर नाव बदलण्याला अर्थ राहत नाही. हातावर ठेवलेल्या साच्यांच्या जोडीचा फोटो टाका, जुना छोटा आणि नवा मोठा.

बापू_स

चेहरा नसेल तर पत्र कोरडं पडेल असं मला अजूनही वाटतं. निदान पाठमोरा टाका, कानामागचं यंत्र दिसेल असा.

श्रुती_ऑडिओ

ओळखीच्यांना पाठमोरी मुलगीही कळते. आईने तो फोटो पाहून होकार दिला तर विचार करता येईल.

शशांक_आ

‘घरचे’ने पहिली ओळ थोडी सैल होते, पण श्रुतीचं कारण पटतं. अंतिम शब्द आईला विचारूनच ठरवा. फोटोबद्दल मी बापूंच्या आणि श्रुतींच्या मध्ये आहे.

मीनल_द

शनिवारी आई मापाला येते आहे. मजकूर आणि दोन्ही प्रकारचे फोटो घेऊन बसते. जोडदेणगीवाल्या गृहस्थांना अट विचारते आणि हिशोबाचा कागद रविवारी इथे टाकते. हिशोबनीस, साच्यांच्या रकान्यात एका साच्याचा दर दाखवायचा की फक्त एकूण?

हिशोबनीस

दर, संख्या आणि एकूण, तिन्ही. आणि गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती साचे झाले तोही रकाना हवा. 216 च्या जागी 150 च झाले असतील तर का, ते एका ओळीत लिहा.